मुदतीचा ताप आणि माझा आवेश

पॅथॉलॉजीत मी दोनदा नापास झालो, आणि दोन्ही वेळा परीक्षक सरकारधार्जिणा होता, असं मी जळगावात घरोघर सांगितलं. तिसऱ्यांदा नापास झालो तर मेडिकल स्कूलच्या पटावरून नाव जाणार होतं. वडील एकच वाक्य बोलले: "धुळ्याला नानांकडे जा, नाहीतर जामनेरला मामाच्या कापसाच्या दुकानात बस."

नाना आमचे लांबचे नातेवाईक. धुळ्यात त्यांचा दवाखाना होता. गेल्या गेल्या त्यांनी मला नापास झालेलं उत्तर आठवून तसंच्या तसं लिहायला सांगितलं. प्रश्न होता मुदतीच्या तापाचा, म्हणजे टायफॉइडचा. मी अकरा पानं लिहिली. भाषा इंग्रजी, आवेश मात्र पत्रकाचा. चळवळीची हातपत्रकं लिहून लिहून मला पहिल्या ओळीतच शत्रू लागायचा. इथे शत्रू होती म्युनिसिपालिटी: तिची गटारं, तिचे नळ, तिचा निगरगट्ट चेअरमन.

नानांनी पेशंट तपासत तपासत पानं वाचली आणि कंपाउंडरच्या हातात दिली. कंपाउंडर पारोळ्याकडचा, वयाने माझ्या दुप्पट. त्याला इंग्रजी औषधांच्या नावांपुरतं येत होतं. त्याने पानं चाळली.

"भाऊ, बठ्ठं लिखं. पन आजारनं नाव कोठे शे?"

बठ्ठं म्हणजे सगळं लिहिलं होतं हे खरं; नाव चौथ्या पानावर होतं. मी ते बोट ठेवून दाखवलं, वर थोडा रागावलोही.

"म्युनिसिपालिटी हा जंतू नाही," नाना म्हणाले. "दूषित पाणी हे कारण आहे, ते दोन शब्दांत होतं. परीक्षकाला आतडं बघायचंय, तू त्याला गटार दाखवतोस."

"पण नाना, मूळ दोष—"

"मूळ दोष तुझा. आतडं फाटून रोगी मेला, आणि तू अजून चेअरमनवरच."

मग त्यांनी एक कोरा कागद चार घरं पडतील असा दुमडला. वरच्या घरात व्याख्या: रोग काय, कशामुळे, कुठे. दुसऱ्यात कारणं: जंतू आणि तो शरीरात शिरायची वाट. तिसऱ्यात लक्षणं, म्हणजे डोळ्यांना काय दिसतं, सूक्ष्मदर्शकात काय दिसतं आणि रोग्याला काय होतं. शेवटी उपद्रव, म्हणजे त्या रोगातून पुढे उद्भवणारे धोके. आधी पेन्सिलीने चारही घरांत नुसते शब्द टाकायचे. एकही घर रिकामं असेल तर शाईला हात लावायचा नाही.

मला हे कारकुनी वाटलं. मी म्हणालोही, की विचार करणाऱ्या माणसाला चौकटी लागत नाहीत. तीन दिवसांनी मुदतीच्या तापाचं उत्तर पुन्हा लिहायला बसलो, तेव्हा विचार करणाऱ्या माणसाचं कारणांचं घर काठोकाठ भरलं आणि उपद्रवांचं कोरडं ठणठणीत राहिलं. आतड्यातल्या व्रणातून रक्तस्राव होतो, व्रण फुटून पोटाच्या आवरणाला सूज येते, हे मला ठाऊक होतं. पण तिथपर्यंत मी कधी पोचतच नव्हतो.

"उपद्रव पाठ करू नकोस," नाना म्हणाले. "रोग जिथे आहे तिथे उभा राहा आणि शेजारी कोण कोण राहतं ते विचार."

महिनाभर मी हे केलं. कंपाउंडर जाता-येता माझ्या कागदात डोकावायचा, रिकामं घर दिसलं की नुसतं खाकरायचा.

परीक्षेला प्रश्न आला यकृतातल्या अमिबाच्या गळवाचा. नेमका तो भाग मी धड वाचला नव्हता. पहिल्यांदा माझ्या मनात आलं ते खानदेशातल्या विहिरींबद्दलचं एक तडाखेबंद वाक्य. मी कागद दुमडला. व्याख्या जमली: अमिबामुळे यकृताचा भाग मरून वितळतो आणि पोकळी होते. कारणांत जंतू लिहिला, आतड्यातून रक्तवाहिनीने यकृतात येतो ते लिहिलं, 'दूषित पाणी' लिहिलं आणि हात अक्षरशः मांडीखाली दाबून बसलो. लक्षणांत उजवा भाग, बहुधा एकच गळू, आत चॉकलेटी पू, आणि अमिबा सापडतात ते कडेच्या भिंतीत.

उपद्रवांत काहीच आठवेना. मग यकृतात उभा राहिलो. वर छाती आणि पोट यांमधला पडदा, त्याच्या वर फुप्फुस. फुटलं तर छातीत. डावीकडे वर हृदयाचं आवरण. खाली पोट. लिहीत गेलो. साडेतीन पानांत उत्तर संपलं, आणि इतकं थोडं लिहिल्याची लाज वाटून मी बराच वेळ शाई वाळवत बसलो.

तोंडी परीक्षेत परीक्षकाने विचारलं, "छातीत फुटून श्वासनळीत आलं तर?"

"रोगी खोकून चॉकलेटी पू टाकेल."

तो हसला. सरकारधार्जिणा माणूस इतकं मोकळं हसू शकतो, हे मला पटायला वेळ लागला.

निकालाच्या फळ्यावर माझा नंबर होता, अगदी शेवटच्या ओळीत. खिशात मी परीक्षा पद्धतीच्या निषेधाचं पत्रक तयार ठेवलं होतं, फक्त छापखान्यात द्यायचं बाकी. वाईट नव्हतं ते. फळ्यापाशी उभं राहून एकदा वाचून पाहिलं, आणि फाडताना, खरं सांगतो, पास झाल्याचं थोडं वाईटच वाटलं.