उजवा गाल आणि गुलाबाचा फवारा

१४ मार्च २०२४. सहा हजार आठशे चाळीस दिरहम. म्हणजे रुपयांत दीड लाखाच्या वर. एवढ्या किमतीचा गुलाबाचा फेशियल मिस्ट, म्हणजे चेहऱ्यावर मारायचा फवारा, चारशे ऐंशी बाटल्या, त्या दिवशी देरातल्या आमच्या गोदामात आला आणि तो विनिता कोचरेकरच्या एका शब्दावर आला.

विनिता आमची सेल्सवाली. मूळची कणकवलीची, वय चाळीस, आवाज पन्नास जणांचा. मी त्याच कंपनीत हिशेब बघतो. बोहारणीला भांडी आणि टकल्याला शॅम्पू विकेल अशी तिची ख्याती. मालक मोहिद्दीन परकार खेडचे. त्यांनी बिलावर सही करता करता सांगितलं, "विनिता, दोन महिन्यांत खपला नाय तर तुझ्या कमिशनातून कापीन." त्या कमिशनातून तिला मुलीचं, आभाचं, मे महिन्याच्या सुट्टीचं तिकीट काढायचं होतं. आभा गावी आजीकडे असते.

दीड महिन्यात बारा बाटल्या गेल्या. त्यातल्या दोन तिने स्वतःच घेतल्या.

शेवटची आशा दीड तासावरच्या खलिफा सिटीतलं नबिलाबाईंचं लेडीज सलून. बाई हैदराबादच्या आणि चोख. विमानात काम करणाऱ्या पुष्कळ मुली तिथे येतात. विनिताकडे लायसन नाही, म्हणून गाडी माझी. निघताना ती म्हणाली, "भाऊ, आज तुम्ही मॉडेल."

"मी? रिटायरमेंटला दोन वर्षं राहिली माझी."

"म्हणूनच. डाव्या गालाला काही नाही, उजव्याला दर सिग्नलला फवारा. तिथे पोचेपर्यंत उजवा गाल तीस वर्षांचा होणार. नबिलाबाईंना जिवंत पुरावा!"

इथे स्टिअरिंग डावीकडे, त्यामुळे उजवी बाजू तिच्या हाताशी होती आणि एसीच्या झोताशीही. जबल अलीपर्यंत मी गुलकंदासारखा वास मारत होतो. थंड छान वाटायचं, हे खरं. पण दर फवाऱ्यानंतर थोड्या वेळाने गाल इस्त्री केल्यासारखा ताणायचा. मी तक्रार केली की ती आणखी मारायची.

सलूनच्या दारावर पाटी होती, पुरुषांना प्रवेश नाही. त्यामुळे पुरावा आत जाऊ शकत नव्हता. नबिलाबाई बाहेर आल्या, शेजारच्या कॅफेटेरियात मला खुर्चीवर बसवलं आणि मान इकडून तिकडे फिरवली.

"हबीबी, ये राइट वाला तो अब्बा लग रहा है, लेफ्ट वाला बेटा."

मी मोबाइलच्या कॅमेऱ्यात पाहिलं. उजव्या गालावर पांढुरक्या रेघा उमटल्या होत्या. चहा देणारा पोऱ्यासुद्धा हसला.

बाईंनी बाटली उलटी करून वाचली. "पानी, गुलाब, खुशबू. ग्लिसरिन भी नहीं. पोअर्स बंद करता है, लिखा है. करता है?"

मी विनिताकडे पाहिलं. एरवी ती इथे दहा मिनिटं बोलली असती. ती माझ्या गालाकडे बघत होती.

"नाही करत," ती म्हणाली. "छिद्रांना काही दारं नसतात बाई, उघडायला आणि लावायला." मग हिंदीत तिने पुढचं सांगितलं: पाणी उडून जातं, चेहरा होता तसा राहतो, कधी जास्तच कोरडा होतो. पूर्वी साबण कडक होते, त्याचा अंश पुसायला टोनर लागायचा. आताचे फेसवॉश सौम्य असतात, त्यामुळे ते काम बहुतेक उरलंच नाही. तेलकट, पुरळ येणाऱ्या चेहऱ्याला सॅलिसिलिक ॲसिडवाला टोनर कामाचा, पण हा तो नव्हे.

"फिर मैं क्यों लूँ?"

विनिताने पर्समधून आमच्याच कंपनीचं साधं मॉइश्चरायझर काढलं, माझ्या उजव्या गालावर पुन्हा फवारा मारला आणि तो वाळायच्या आत त्यावर क्रीम चोपडलं. माशाला मीठ लावावं तसं. चहा संपेपर्यंत रेघा गेल्या आणि ताण उतरला.

"क्रीम घ्या," ती म्हणाली. "गाल साध्या पाण्याने ओला केला असता तरी चाललं असतं. फवारा थंडाव्यासाठी. थ्रेडिंगनंतर मुलींना गार वाटतं, वास आवडतो. एवढंच लिहून विका."

नबिलाबाई खूप वेळ हसल्या. "खलास. दो सौ क्रीम दो. फवारा साठ, सिर्फ ठंडक के लिए. इन्शाल्ला, लड़कियों को यही बोलूँगी."

परतताना विनिता जबल अलीच्या पुढे म्हणाली, "भाऊ, मी खरंच त्यावर विश्वास ठेवला होता हो."

मोहिद्दीन शेठने क्रीमचं कमिशन दिलं आणि उरलेल्या चारशे आठ बाटल्यांचं अर्धं नुकसान कापलं. तिकीट मेऐवजी जूनमध्ये निघालं, स्वस्त आणि मस्कतमार्गे. आभा आली तेव्हा पहिल्याच दिवशी तिने आईच्या टेबलावरची बाटली उचलली. "Mumma, does this do anything?"

"गार वाटतं," विनिता म्हणाली. "मग क्रीम लाव."

त्या फेरीच्या टोलचे सोळा दिरहम विनिताकडून मला येणे आहेत.