रथसप्तमीनंतर ये

आमच्याकडे येणाऱ्या पाहुण्याला 'नको' म्हणायची एक रीत होती, आणि माझ्या आईइतकी ती कुणाला साधलेली मी पाहिली नाही. कुणी 'अमुक दिवशी येतो' असा निरोप धाडला आणि तो दिवस अडचणीचा असला, तर आधी येण्याचा आनंद सांगायचा, मग अडचण सांगायची, मग आपणच दुसरा दिवस द्यायचा, आणि तोही पहिल्यापेक्षा लांब मुक्कामाचा. शेवटी निरोप्याच्या हातात काहीतरी खायचं बांधून द्यायचं. मोकळ्या हातानं गेलेला निरोप म्हणजे उघड नकार, असं लोक धरून चालत. माझे वडील चिडवायचे, "तुयी माय पाहुन्याले दारातून वापस लावते अन् पाहुना म्हनते, काय पाहुनचार झाला."

ही गोष्ट आमचा जिल्हा मुंबई राज्यात गेला त्याच्या पुढच्या वर्षीची. आमचं गाव कळंबहून यवतमाळला जाणाऱ्या रस्त्यावर. आजी, म्हणजे आईची आई, कळंबच्या पलीकडे, बैलगाडीनं दिवसभराच्या वाटेवर. दोन्ही घरांत निरोपांची ने-आण करायचे ते आजीच्या गावाजवळच्या बंजाऱ्यांच्या तांड्यावरचे एक गाडीवान. कापसाच्या दिवसांत त्यांची गाडी यवतमाळच्या बाजाराला सारखी जायची, आणि जाता-येता आमच्या अंगणात बैल सोडून ते भाकर खायचे. आईला ते बहीण मानत, बाई म्हणत. आजीला याडी म्हणत. त्यांच्या बोलीत याडी म्हणजे आई.

त्या वर्षी दिवाळी झाल्यावर आमची धाकटी गेली. दहा महिन्यांची होती. रात्री उलट्या-जुलाब सुरू झाले, सकाळी यवतमाळला न्यायचं म्हणून वडील मोटारीची वाट पाहत रस्त्यावर उभे राहिले, आणि मोटार यायच्या आत आईनं मला त्यांना परत बोलवायला धाडलं. मी बारा वर्षांची होते. तिला कडेवर घेऊन घेऊन माझी एक बाजू वाकडी झाली होती, असं सगळे म्हणायचे. ती गेल्यावर माझा हात आपोआप कमरेकडे जायचा. त्याचा मला फार राग यायचा, कुणावर ते कळायचं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी गाडीवानमामांची गाडी अंगणात आली. कापूस भरलेला होता. ते हसतच उतरले, कारण निरोप आनंदाचा होता. काकू दारातच त्यांना काय ते सांगायला गेली. त्यांनी मुंडासं काढून हातात घेतलं. मग आईनं ओट्यावर येऊन विचारलं, "निरोप काय हाय, भाऊ?"

ते काकूकडे बघत म्हणाले, "याडी मले म्हने, येत्या गुरुवारी तुह्या गाडीत बसून येतो. दोन दिवस राहीन. लेकरू पाहाची लय इच्छा झाली म्हने."

धाकटी आजीच्या घरीच जन्मली होती. पहिले तीन महिने आजीनंच तिला तेल चोळलं, न्हाऊ घातलं. त्यात त्याच पावसाळ्यात माझे धाकटे मामा तापानं गेले होते, आणि त्या दिवशी आजी जी भोवळ येऊन पडली ती महिनाभर उठली नव्हती. यवतमाळच्या डॉक्टरांनी छातीचं दुखणं सांगितलं, आणि हिला एकदम धक्का बसेल असं काही कानावर जाऊ देऊ नका, असं बजावलं. म्हणजे आजीला गुरुवारी येऊ द्यायचं तर दारात उतरताच तिला ते कळणार. आई एकच गोष्ट घोकत होती, "भाऊ गेला, पोर गेली, आता माय जाईन."

वडील म्हणाले, "सांगून टाकू. अशी गोष्ट लपते का? उद्या दुसऱ्याच्या तोंडून आयकलं तं?"

"सांगन ना," आई म्हणाली. "मीच सांगन. पण आता नाही."

गाडीवानमामा दुसऱ्या दिवशी बाजारातून रिकामी गाडी घेऊन परतणार होते. त्यांच्याबरोबर निरोप द्यायचा होता. रिकाम्या हातानं धाडणं शक्य नव्हतं. दर खेपेला आई आजीसाठी सांजोऱ्या द्यायची, मऊ, तिला चावता येतील अशा. आता घरात सुतक. आमच्याकडे सुतकातल्या घरचं शिजवलेलं बाहेर जात नाही. काकू म्हणाली, शेजारणीकडून करून घेऊ. आई म्हणाली, "माय माह्या हातची सांजोरी ओळखते. दुसरीच्या हातची पाहून इचारन, हिले काय झालं?" आणि आपल्या हातची धाडायला तिचं मन धजेना. स्वतःच्या आईशी खोटं बोलायला ती तयार झाली होती, पण विटाळाचं खाऊ घालायला नाही. माणसाचं मन कुठे अडेल ते काही सांगता येत नाही. शेवटी तिनं नवे मूग बांधले आणि वेलावरचं एक कोहळं दिलं. कोरड्या धान्याला आणि कच्च्या भाजीला विटाळ लागत नाही.

गाडीवानमामा बैल जुंपून उभे होते. आई ओट्याच्या खांबाला धरून निरोप सांगत होती. डोळे कोरडे, आवाज नेहमीसारखा. तो आवाज ऐकून मला भीती वाटली.

"मायले सांगा, तू येतो म्हनाली हे आयकून लय बरं वाटलं. पण आता वेचनी लागली हाय. घरात मजुरांचा राबता, मी दिवसभर वावरात. तू येशीन अन् मले तुह्याजवळ घडीभर बसाले भेटनार नाही. तसं येनं मले नाही पाहिजे. रथसप्तमी होऊ दे. कापूस घरी येऊन जाते, थंडी बी उतरते, तुह्या छातीले बरं. मंग ये. अन् दोन दिवसाच्या बोलीनं येऊ नको. आठ दिवस राहाले ये."

मामांनी सगळं मान खाली घालून ऐकलं. मग म्हणाले, "अन् लेकराचं इचारलं तं? मी याडीपुढं खोटं बोलनार नाही, बाई."

आईनं खरं न सांगायची आपली शपथ त्यांना घातली, आणि मग म्हणाली,

"झोपली होती म्हना."

मामांनी डोक्याच्या मुंडाशाच्या शेवानं तोंड पुसलं आणि गाडी हाकली.

पुढच्या खेपेला आजीचं उत्तर आलं. मामांनी बैल सोडायच्या आधीच सांगून टाकलं, जणू हातातलं ओझं खाली ठेवत होते. "याडी म्हने, बरं. रथसप्तमी झाल्यावर येतो. वेचनी चालू हाय तं जिवाले जप. उपाशी राहू नको. मूग गोड निंघाले."

"धाकटीचं काही बोलली नाही?"

"नाही."

आईनं सुटकेचा श्वास टाकला, आणि लगेच तिचा चेहरा पडला. तिला थोडं लागलंच असावं. आजी आणि नातीचं नाव काढत नाही! पण एवढं खरं, की निरोप पोचला होता, आजी रागावली नव्हती, आणि तिच्या छातीला काही झालं नव्हतं. आईनं मागितलं ते तिला मिळालं होतं.

मग ते महिने. आई पहाटे वावरात जायची आणि अंधारून आल्यावर परतायची. वेचणीला तिच्या पुढे कुणी जायचं नाही. घरी ती माझ्यासमोर रडली नाही, वडिलांसमोर रडली नाही. काकू म्हणायची, दगड झाली बाई. संक्रांतीला तिनं हळदीकुंकवाची बोलावणी परत फिरवली, तीही गोड बोलून, प्रत्येकीला पुढच्या वर्षीचं वचन देऊन. मला तिच्याजवळ जाऊन निजावंसं वाटायचं, पण ती भिंतीकडे तोंड करून पडायची. त्या दिवसांत माझी आईही गेली होती, असं मी आजही म्हणते.

रथसप्तमी झाली. तिसऱ्या दिवशी गाडी आली. आजी उतरली ती किती वाळलेली! मामांनी तिला दंडाला धरून ओट्यापर्यंत आणलं. घरात येणारी आजी पहिल्यांदा पाळण्याकडे बघते, लेकरू कुठं आहे विचारते. आजीनं कुठेच पाहिलं नाही. ती ओट्यावर बसली आणि आईचा हात धरून तिला जवळ बसवलं.

आईनं इतके दिवस ठरवलेलं वाक्य सुरू केलं. "माय, तुले एक सांगाचं होतं. घाबरू नको..."

"मालूम हाय मले," आजी म्हणाली.

आईनं मामांकडे पाहिलं. आजी म्हणाली, "त्याच्याकडे पाहू नको. त्यानं एक शब्द सांगितला नाही. मूग आले, कोहळं आलं, शिजवलेलं काहीच नाही आलं, तवाच समजली मी, सुतक हाय. मंग म्हनलं, कोनाचं? अन् तू बोलावनं रथसप्तमीनंतरचं धाडलं. ज्या घरी लेकराची पयली संक्रांत हाय, ते घर आजीले बोरन्हाण झाल्यावर बोलावते का कधी?"

बोरन्हाण म्हणजे लेकराच्या पहिल्या संक्रांतीला त्याच्या डोक्यावर बोरं-चुरमुरे ओतायचे, आळीतली पोरं ती लुटतात. तो सोहळा संक्रांत ते रथसप्तमीच्या मधे होतो. आईला तेवढे दिवस टाळायचे होते. ज्या दिवसांत आजी घरात असणं तिला सोसलं नसतं, नेमके तेच तिनं वगळले, आणि आजीला नेमकं तेच कळलं.

"मी याले शपथ घातली," आजी मामांकडे बोट करून म्हणाली, "मले कळलं हे माह्या पोरीले सांगजो नको म्हनलं."

मामा बैलांच्या गळ्यातल्या दोऱ्या सोडत होते. ते वळले नाहीत. "दोघीनं बी शपथ घातली," एवढंच म्हणाले.

आईनं विचारलं, "मालूम होतं तं मंग आली काहून नाही?"

"तू येऊ नको म्हनाली ना. मले वाटलं, पोरीले येळ पाहिजे. मी आली असती तं तू मले सांभाळत बसली असती, माही छाती पाहात बसली असती. म्हनून मी म्हनलं, तिनं दिवस देल्ला हाय, त्याच दिवशी जाईन." तिचा आवाज फाटला. "घरी गोठ्यात जाऊन रडत होती. तुह्या बापाले बी दिसू देल्लं नाही."

म्हणजे दोन महिन्यांहून जास्त काळ, एका दिवसाच्या वाटेवर, दोघी एकाच लेकरासाठी वेगवेगळ्या रडत होत्या, किंवा रडत नव्हत्या, आणि मधे एक गाडी गोड निरोप वाहत होती. मला दोघींचा राग येतो. आज मी त्या वेळच्या आजीच्या वयाची आहे, तरी येतो. एकीनं इतकं नीट नको म्हणू नये, आणि दुसरीनं ते इतकं नीट ऐकू नये.

आई आजीच्या मांडीवर डोकं ठेवून रडली. दारातून काकू आली, वडील आले, आणि तसेच मागे फिरले. मी मात्र तिथेच बसले. किती तरी वेळानं आई तशीच पडल्या पडल्या बोलली, लहान पोरीसारखी, तक्रारीच्या सुरात.

"मी येऊ नको म्हनाली, माय. तरी तू यायले पाहिजे होतं."

 आजीनं आईचे केस सोडले आणि आपल्या बोटांनी विंचरायला घेतले. माझ्याकडे न बघता तिनं मला हात केला, मी सरकून तिच्या दुसऱ्या मांडीजवळ बसले. ती आठ दिवस राहिली.