समुद्राच्या तळाशी काळा पाषाण

पिंपरी पेंढारच्या आसपासच्या शिवारात जुन्या विहिरी जितक्या आहेत, त्यांतल्या बऱ्याच सावळेरामआप्पांच्या हातच्या. पहार, घण, सुरुंग आणि फोडलेला दगड वर ओढायची यारी यांच्यावर त्यांचं सगळं तरुणपण गेलं. आता पाठ वाकली, नजर कमी झाली. मोबाईलवरचं चित्र त्यांना दिसत नाही. म्हणून मुलगा गोरखने त्यांच्या खोलीत मोठा टीव्ही लावून दिला होता.

ही खोली रस्त्याकडच्या स्लॅबच्या घरापासून लांब, गोठ्याच्या पलीकडे, विहिरीजवळ. आप्पांनी स्वतःच्या विहिरीतून निघालेल्या दगडात ती बांधलेली. उन्हाळ्यात गार, थंडीत ऊबदार. आप्पा तिथून हलायला तयार नव्हते.

त्यांची नात उज्ज्वला भूगर्भशास्त्र शिकली आणि एका संशोधन जहाजावर गेली. हिंदी महासागराच्या मधोमध ते जहाज रोज एक यंत्र खाली सोडणार होतं. यंत्रात माणूस नाही, पण दिवे, कॅमेरा आणि लोखंडी हात. तळावर कॅमेऱ्याला जे दिसेल ते त्याच वेळी जगभर दिसणार होतं.

"आप्पांना दाखव, आई," उज्ज्वलाने जहाजावरून फोन केला, "त्यांनी बघितलंच पाहिजे."

आई म्हणजे रत्ना, आप्पांची सून. पहिल्या दिवशी तिने आप्पांच्या टीव्हीवर ते लावलं. पडदा काळा झाला. काळ्यात आणखी काळे चौकोन हलायला लागले. मध्येच एक चकती गरगर फिरायची, मग उज्ज्वलाचा आवाज अर्ध्यात तुटायचा.

"काय दिसतंय गं?" आप्पांनी विचारलं.

"समुद्राचा तळ हाय, आप्पा."

"मला तर नुसती काजळी दिसतीया."

आप्पा नाराज झाले नाहीत, पण खाली बघत राहिले. रत्नाला तेच जास्त लागलं. ती फोन घेऊन पुढच्या घरात गेली. तिथे राऊटरशेजारी तेच चित्र फोनवर काचेसारखं स्वच्छ होतं.

दुसऱ्या दिवशी ती आळेफाट्याला हर्षा ओसवालच्या दुकानात गेली. हर्षाच्या आजोबांनी राजस्थानातून येऊन तिथं विजेच्या सामानाचं दुकान काढलं होतं. हर्षा आता कॅमेरे, राऊटर, वायरिंग सगळं बघायची.

"ताई, वायफाय वाढवायचं ते यंत्र द्या," रत्ना म्हणाली.

"रिपीटर? देते की. पण आधी सांगा, टीव्ही कुठं अन् राऊटर कुठं?"

रत्नाने काउंटरवर बोटाने घर काढलं. हे घर, हा पत्र्याचा गोठा, ही आप्पांची खोली.

"भिंती कशाच्या?"

"दगडाच्या. हातभर जाड."

हर्षा हसली. "मग वायफायनं तरी काय करावं! पत्र्यावर आपटायचं, अन् उरलंसुरलं दगडात जिरायचं. रिपीटर मध्ये लावला तरी त्याच्यापर्यंत जेवढं पोचतं तेवढंच तो पुढं देणार. वर त्याला त्याच हवेतून घ्यायचं अन् द्यायचं, म्हणजे अजून निम्मं. वायर टाका, ताई."

"पण टीव्ही तर वायफायचाच हाय."

"मागं बघा, चौकोनी भोक असंल. लॅनचं, वायर खोचायचं. राऊटरला अगदी चिकटून बसलात तर वायफाय या वायरीपेक्षाही जोरात पळंल कदाचित. पण टीव्हीला तेवढं लागतच नाही. त्याला थोडंच, पण न थांबता पाहिजे. लाईव्हमध्ये तर पुढचं साठवून ठेवायला वेळच नसतो. जरा अडलं की चित्राचा दर्जा खाली येतो, अन् अंधारातलं चित्र सगळ्यात आधी फाटतं."

त्या काजळीचा उलगडा रत्नाला तिथंच झाला.

हर्षा वायर घेऊन स्वतः स्कूटरवर आली. वायर बाहेरच्या उन्हापावसात टिकणारी होती. ती नळीत घालून जमिनीखालून न्यायची आणि मोटारीच्या वीजवायरीपासून लांब ठेवायची, असं तिने गोरखला बजावलं. गोरख कुदळ घेऊन सरळ रेषेत खणायला लागला, तर थोड्याच वेळात कुदळ खणकन वाजली.

आप्पा काठी टेकत आले. "तिथं खडक वर आलाय. या अंगानं घे. इकडं मुरूम हाय."

चर वळणाने गेला, पण भराभर खणून झाला. वायरीच्या आठ बारीक रंगीत तारा हर्षाने ओळीने लावून टोकाला प्लग दाबला. तपासणीच्या डबीवर सगळे दिवे एकामागून एक लागले. वायर टीव्हीत खोचली, तरी चकती फिरतच होती.

"अजून वायफायच धरून बसलाय तो," हर्षा म्हणाली. तिने टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन वायफाय बंद केलं, वायरची जोडणी निवडली. "आता लावा."

यंत्र त्या वेळी तळाजवळ पोचलं होतं. पडदा आधी काळाच होता, पण या काळ्याला खोली होती. दिव्यांच्या उजेडात पांढरे कण पडत होते, शांतपणे, पीठ चाळल्यासारखे. मग खालून जमीन वर आली. गोल गोल, फुगलेले, एकावर एक रचलेले दगड, बाजरीच्या पोत्यांची थप्पी असावी तसे. त्यांच्या फटीतून एक पांढरी, डोळे नसलेली कोळंबी हळूच निघाली आणि परत आत गेली.

गोरखच्या हातात कुदळ तशीच होती.

यंत्राच्या लोखंडी हाताने एक दगड धरला. कडेचा तुकडा मोडला. आतली ताजी बाजू दिव्यात चमकली, निळसर काळी.

आप्पा खुर्चीतून उठले. टीव्हीच्या इतक्या जवळ गेले की नाक पडद्याला लागेल.

"रत्ना, हा काळा पाषाण हाय."

"आप्पा, तो समुद्र हाय. कुठल्या कुठं."

"आगं, आविष्यभर फोडलाय मी. फुटल्यावर असाच दिसतो. इचार तिला."

रत्नाने फोनवर त्या लाईव्हच्या खाली प्रश्न लिहिला: आप्पा विचारतात, हा आपला काळा पाषाण आहे का? तो कुठं पोचतोय याची तिला खात्री नव्हती. जहाजावरची मंडळी इंग्रजीत बोलत होती. थोडा वेळ गेला. मग उज्ज्वलाचा आवाज आला, मराठीत.

"आप्पा, बरोबर ओळखलंत! आपल्याकडचा अन् हा, दोन्ही बसाल्ट. जमिनीच्या पोटातून तापलेला रस वर आला अन् थिजला. आपल्याकडं कोट्यवधी वर्षांपूर्वी, इथं आत्ता आत्ता. इथं जमीन अजून तयार होतेय."

आप्पांनी भिंतीला हात लावला, मग पडद्याला. "अजून व्हतीया," ते पुटपुटले. "आमी म्हणायचो, देवानं करून ठिवलंय सगळं. अजून चाललंय व्हय त्याचं काम!"

हर्षा जायला निघाली होती, ती दारातच खाली बसली.

दुपार कलली. यंत्र वर यायला लागलं तसा तळ दिसेनासा झाला. आता पडद्यावर नुसतं काळं पाणी होतं आणि ते पांढरे कण. गोरख धारा काढायला गेला. हर्षाही गेली.

"आप्पा, आता काय दिसायचं न्हाई," रत्ना म्हणाली. "वर यायला लई वेळ लागतो म्हनं. बंद करू का?"

"नगं." आप्पांनी खुर्ची आणखी पुढे ओढली. "इहिरीत उतरलेला गडी वर आल्याबिगर काठावरचा माणूस उठत नसतो."

"पण त्यात माणूस न्हाई, आप्पा."

"नसू दे. गेलंय तर खोल."

चहाची वेळ झाली होती, तरी रत्ना चहा ठेवायला गेली नाही. तिने भिंतीकडचं पोतं ओढलं आणि त्यांच्याशेजारी बसली. दोघं त्या काळ्या पाण्याकडे बघत राहिली.