प्रसन्न मनाने वाचायचा भाग

मी कॉलेजात भूगोल शिकवते. वर्गातली निम्मी मुलं गंगापूर आणि पैठणकडून येतात, आणि त्यांचं वाचन होतं ते एसटीत, तेही बसायला जागा मिळाली तर. भूजलाचं प्रकरण वाचून या म्हटलं की सगळे पहिल्या दोन पानांत अडकायचे. वर्गात विचारलं तर पहिलं पान तोंडपाठ आणि पुढचं सगळं कोरं.

म्हणून मी त्यांच्यासाठी एक पानभर वाचनपूर्व मार्गदर्शिका करायची ठरवली. आधी प्रकरण स्वतः शेवटपर्यंत वाचलं. वाचून झाल्यावर मुलांना काय सांगता आलं पाहिजे, हे ठरवलं आणि त्यावरून तीन प्रश्न काढले. पहिला असा : एकाच शिवारातल्या दोन विहिरी, एकीला उन्हाळ्यातही पाणी, दुसरी कोरडी, असं का? उत्तर एका ओळीत उचलता येणार नाही, प्रकरण फिरून शोधावं लागेल, असेच प्रश्न मी ठेवले. मग लक्ष ठेवायचे शब्द निवडले : सच्छिद्रता, पार्यता, पुनर्भरण. अर्थ दिले नाहीत, फक्त कुठल्या पानावर भेटतील ते लिहिलं. शेवटी, कुठला भाग वरवर वाचला तरी चालेल, ते. प्रश्नांची उत्तरं ज्यात नव्हती असा एकच मोठा भाग निघाला, ‘जगभरातील विहिरींचा इतिहास’. त्याच्यापुढे मी लिहिलं, ‘वरवर वाचा.’

प्रकरण आमच्या विभागप्रमुखांनी लिहिलेलं होतं. इतिहासाचा तो भाग त्यांचा फार लाडका, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. पान त्यांच्यासमोर होतं आणि ‘वरवर’ या शब्दाभोवती लाल गोल.

“मॅडम, मी काही वरवर लिहिलेलं नाही.”

“सर, तसं नाही. त्या भागात शीर्षकं, चित्रं आणि प्रत्येक परिच्छेदाची पहिली ओळ पाहिली तरी पुरतं, एवढंच. त्यांचा वेळ खडकांच्या भागाला जावा म्हणून.”

“मग खडक वरवर वाचू द्या!”

विषय विभागाच्या बैठकीत गेला. चहा आला. कुणी म्हणालं, ‘ओझरतं वाचा’ लिहू. सर म्हणाले, माझ्यावरून ओझरतं जायचं? कुणी ‘सवडीने वाचा’ सुचवलं, तर एका सरांनी शंका काढली की सवड नसेल तर वाचायचं नाही का. त्यावर खरोखर चर्चा झाली. शेवटी ठरलं, ‘प्रसन्न मनाने वाचा.’ सरांनी ते स्वतःच्या हाताने लिहिलं. इतिवृत्तात नोंद झाली. मी मान डोलावली, कारण मला जेवायला घरी जायचं होतं.

वर्गात पानं वाटली तेव्हा मागच्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला. “मॅडम, प्रसन्न मनाने म्हंजे सोडायचं ना?”

“सोडायचं नाय,” मी म्हणाले, आणि शीर्षकं, चित्रं, पहिल्या ओळी असं सगळं फळ्यावर लिहून दिलं. बाकी वर्ग तोवर हसत सुटला होता.

पुढच्या तासाला सर स्वतः येऊन मागे बसले. मी विहिरींचा प्रश्न विचारला आणि गंगापूरकडचा एक मुलगा उठला. म्हणाला, एकीच्या खाली झिजलेला, भेगाळलेला खडक असंल, त्यात पाणी मुरतं आन् साठतं, आन् दुसरीच्या खाली अखंड काळा कातळ, त्याला ना छिद्रं ना भेगा. ‘पार्यता’, म्हणजे पाणी झिरपू देण्याचा खडकाचा गुण, हा शब्द त्याने मधे आपणहून वापरला. मला इतका आनंद झाला की मी सरांकडे पाहिलंच नाही.

सर मात्र उभे राहिले. “विहिरींचा इतिहास कोणी कोणी वाचला?”

सगळ्यांचे हात वर.

“काय आहे त्यात?”

मुलं वह्या चाळू लागली. मग शहागंजात वडलांचं कापडाचं दुकान असलेला मुलगा अदबीने उठला. “सर, लई प्रसन्न वाटलं.”

“काय वाचून?”

“सगळंच, सर.”

मी खडूचा डबा उघडून खडू निवडत बसले. सर वहीत काहीतरी लिहून बाहेर गेले. आता माझी बदली होणार, नाहीतर निदान परीक्षेच्या कामाला तरी जुंपतील, असं दिवसभर वाटत राहिलं.

दुसऱ्या दिवशी ते स्टाफरूममध्ये माझ्या खुर्चीशी आले. रात्री त्यांनी स्वतःचं प्रकरण पुन्हा वाचलं होतं. डोळे थोडे लाल होते.

“मॅडम, इतिहासाचं दुसरं पान वरवर चालेल,” ते हळू आवाजात म्हणाले. “फक्त दुसरं. आणि बैठकीत नका सांगू.”

“नाही सांगत, सर.”

मी मार्गदर्शिकेत तेवढा बदल केला, आणि बाकीच्या इतिहासासाठी चौथा प्रश्न जोडला : आपल्याकडच्या विहिरींसारखी विहीर त्यात कुठे दिसते? या वेळी मुलांनी ती पानं धुंडाळली.