तीन टोकांची केबल

लग्नाआधी मी साताऱ्यात एका फोटो स्टुडिओत कामाला होते. पासपोर्टचे फोटो काढायचे, जुन्या फोटोंवरचे डाग पुसायचे, लग्नाचे अल्बम लावायचे. स्टुडिओच्या मालकांना आम्ही सगळे काका म्हणायचो. कॅमेरा हातात कसा धरायचा इथपासून सगळं मला त्यांनीच शिकवलं.

लग्न होऊन सांगलीला आले. नवरा फौजेत, वर्षातून दोनदा घरी. घरात सासूबाई, जाऊबाई आणि भावजी, म्हणजे माझे थोरले दीर. भावजींचं मोबाइलच्या सामानाचं होलसेल दुकान होतं. चार्जर, केबल, कव्हर, इअरफोन असा बाहेरून माल आणून ते गावोगावच्या दुकानदारांना देत. गेल्या वर्षी त्यांनी स्वतःच्या नावाचा माल काढायचं ठरवलं. एक पॉवर बँक, एक केबल आणि एक अॅडॉप्टर, तिन्ही एकाच खोक्यात. खोक्यावर फोटो हवा होता.

"अगं, तू एवढी स्टुडिओत होतीस," ते जेवताना म्हणाले, "मग बाहेर कशाला जायचं? तूच काढ की."

मला इतका आनंद झाला की भाजीत दुसऱ्यांदा मीठ घातलं.

डायनिंग टेबल खिडकीजवळ ओढलं. त्यावर निळसर राखाडी कागद पसरला आणि त्याचं मागचं टोक भिंतीवर चढवून चिकटवलं, म्हणजे मागे कोपरा दिसत नाही. खिडकीला पातळ पांढरा पडदा लावला. दुसऱ्या बाजूला थर्माकोलचा तुकडा उभा केला, सावलीतही थोडा उजेड पडावा म्हणून. एवढं झाल्यावर वाटलं, आता काय, तासाभराचं काम.

पॉवर बँक काळी आणि चकचकीत होती. हात लागला की बोटांचे ठसे, पुसलं की कापडाचे तंतू. शेवटी नवऱ्याचे परेडचे पांढरे हातमोजे घालून ती उचलायला लागले. तिच्या तोंडाला तीन पोर्ट होते. दोन रुंद चौकोनी, यूएसबीचे, आणि मधे एक लहान, गोलसर कडांचा टाइप-सी. साध्या उजेडात हे पोर्ट नुसती काळी भोकं दिसत. पण आतली रचना दिसली नाही तर ते पोर्ट वाटतच नाहीत. चौकोनी पोर्टात एका बाजूला चिकटलेली प्लॅस्टिकची पट्टी असते, आणि टाइप-सीमध्ये बरोबर मधोमध पातळ जीभ. ती दिसावी म्हणून मी एक छोटं पांढरं कार्ड कॅमेऱ्याच्या अगदी खाली धरलं. उजेड आत शिरला आणि जीभ दिसली. तिच्यावर धूळ होती, तीही दिसली. मग रंगाच्या कोरड्या ब्रशानं ती झटकली.

केबलनं सगळ्यात जास्त छळलं. खोक्यात घडी घालून आलेली असल्यानं तिला जागोजागी बाक आले होते. गुंडाळली की उसळायची. जाऊबाईंचा केस वाळवायचा ड्रायर मागून घेतला आणि लांबून हलकी ऊब देत तिला सरळ केलं. एक वेढा सुलटा आणि एक उलटा घालत गेलं की पीळ पडत नाही, हे मला काकांनी लाइटच्या वायरी गुंडाळताना शिकवलं होतं. तसेच वेढे घातले, मागून पारदर्शक चिकटपट्टी लावली आणि दोन्ही टोकं पुढे आणून ठेवली. शेजारी अॅडॉप्टर, त्याच्या दोन गोल पिना जरा तिरक्या, पोर्ट समोर.

तीन दिवस घरातले सगळे खाली बसून जेवले. सासूबाईंचे गुडघे दुखतात, पण त्या एका शब्दानं बोलल्या नाहीत. फोटो भावजींना दिले तेव्हा ते "छान, छान" म्हणाले आणि मोबाइल खिशात टाकून दुकानात गेले.

मग महिनाभरानं कळलं की खोकी छापून माल तयार झालाय आणि दुकानदारांना बोलवून तो दाखवायचा कार्यक्रम साताऱ्यात आहे. लोणंद, शिरवळ, कोरेगाव, कराड इकडचे दुकानदार येणार होते. साताऱ्यात म्हणजे माझ्या माहेरी! मी भावजींना विचारून काकांना फोन केला. म्हटलं, "काका, या हं. माझे फोटो आहेत." काका आता थकलेत, स्टुडिओही बंद केलाय. तरी म्हणाले, "येणार. इस्त्रीचा शर्ट घालून येणार."

हॉलमध्ये शिरले तेव्हा भावजी माइकवर बोलायला उभे होते. त्यांच्यामागे भिंतभर फ्लेक्स होता. लांबून तो झगमगत होता. काळ्या पॉवर बँकेवर सोनेरी चमक, मागे निळे किरण. मला वाटलं, छपाईवाल्यानं रंग वाढवलेत. काका दुसऱ्या रांगेत बसले होते, मी त्यांच्या शेजारी जाऊन बसले.

"आणि हे फोटो," भावजी म्हणाले, "आमच्या घरच्या सुनेनं काढलेत. ती साताऱ्याचीच."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी अर्धवट उठून हात जोडले आणि बसता बसता फ्लेक्सकडे नीट पाहिलं.

कागद माझाच होता. डावीकडून येणारा खिडकीचा उजेडही माझाच. पण त्या उजेडात ठेवलेली वस्तू माझी नव्हती. टाइप-सीचं भोक वितळल्यासारखं वाकडं होतं आणि आत काहीच नव्हतं. चौकोनी पोर्ट दोनाचे तीन झाले होते, त्यातला एक दुसऱ्यात घुसलेला. अॅडॉप्टरला एक चपटी पिन आणि एक गोल. आणि केबलचा एक वेढा दुसऱ्यातून आरपार जाऊन मागून पुन्हा बाहेर आला होता. तिथं आणखी एक टोक होतं.

आणखी कुणाला दिसू नये, एवढंच मनात येत होतं.

पण लोणंदच्या एक बाई पुढेच बसल्या होत्या. स्टेशनजवळ त्यांचं मोबाइलचं दुकान आहे आणि दुरुस्तीही त्या स्वतःच करतात. सगळ्यांना वाटलेल्या खोक्यांवरही तोच फोटो होता; त्या आपलं खोकं हातात घेऊन उठल्या.

"आवं, एक इचारू का? ह्या केबलीला टोकं किती?"

"दोन," भावजी हसून म्हणाले. "टाइप-सी टू टाइप-सी."

"मग ह्ये तिसरं कुणाचं?"

पुढच्या रांगेतल्यांनी आपापली खोकी वर करून पाहिली. कुणीतरी हसलं. शिरवळचे एक दुकानदार म्हणाले, "ह्या पिना कुठल्या सॉकेटात बसायच्या?" मग हसू मागच्या रांगांपर्यंत गेलं. बाई मात्र हसत नव्हत्या.

"फोटूचं जाऊ द्या," त्या म्हणाल्या. "पर मी गिऱ्हाइकाला काय सांगू? खोक्यावर असं, तर आत मालबी असाच हाय का?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. नुकत्याच टाळ्या वाजवलेले सगळे. मी भावजींकडे पाहिलं. त्यांनी मान खाली घातली होती आणि माइकची वायर बोटाभोवती गुंडाळत उभे होते. त्या क्षणी मला कळलं की हे कुणी केलं ते त्यांना माहीत आहे.

हे माझं नाही, असं म्हणायला हवं होतं. जीभ उचललीच नाही. नंतर जाऊबाई सगळ्यांना सांगत होत्या, दिराची अब्रू राखली पोरीनं. तसं काही नव्हतं. मला फक्त तिथून नाहीसं व्हायचं होतं. मी उठले आणि जिन्यात जाऊन उभी राहिले.

थोड्या वेळानं काका भिंतीला धरत धरत आले.

"तो तू काढलेला नाहीस," ते म्हणाले.

"काढलाय काका. म्हणजे खाली माझाच आहे. वरून कुणीतरी..."

"मग आत जाऊन सांग की."

"नको. तुम्हीही सांगू नका."

काकांनी इस्त्रीच्या शर्टाची बाही सारखी केली आणि ते जिना उतरायला लागले. इतक्या हौसेनं बोलावलेल्या माणसाला मी जिन्यात उभं केलं होतं. त्यांना साधा चहाही विचारला नाही, हे ते गेल्यावर लक्षात आलं.

परत जाताना कराडच्या अलीकडे भावजींनी गाडी बाजूला घेतली, पण उतरले नाहीत.

"मीच केलं," समोर बघत ते म्हणाले. "मोबाइलवर एक एआयचं अॅप होतं. तुझा फोटो टाकला, म्हटलं जरा भारी कर. झालं भारी. मोबाइलवर एवढंसं दिसत होतं. मी नीट बघितलंच नाही."

"माझा फोटो वाईट होता?"

"वाईट नव्हता. पण त्यात वस्तू जेवढी आहे तेवढीच दिसत होती गं. आपली एवढीशी पॉवर बँक. मोठ्या कंपन्यांच्या शेजारी ठेवायची होती मला."

मला राग यायला हवा होता. आला नाही. मगाशी माइकसमोर त्यांची मान खाली गेली तेव्हा मला मनातून बरं वाटलं होतं, ते आठवलं. त्याचीही लाज वाटली. हा माणूस माझ्या नवऱ्याच्या फीसाठी स्वतःचं शिक्षण सोडून दुकानात बसलेला होता.

"तिथंच सांगायला हवं होतं," ते म्हणाले. "तुझ्याकडं बघायला लागले सगळे, तवा तरी."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते दुकानात गेले नाहीत. ओट्यावर बसून एकेका दुकानदाराला फोन लावला, आणि आवाज मुद्दाम मोठा ठेवला, सासूबाईंनाही ऐकू जावा एवढा. "फोटो सुनेचा बरोबर होता, मी बिघडवला. माल तपासून घ्या, पटला तर ठेवा." काहींनी ठेवला, काहींनी खोकी परत पाठवली. लोणंदच्या बाईंनी आधी पोर्टचा समोरून काढलेला साधा फोटो मागितला. मी पुन्हा टेबल ओढलं. या वेळी कार्ड भावजींनी धरलं. ते सारखे पोर्टात डोकवायला वाकायचे आणि कार्ड हलायचं, म्हणून मला चार वेळा फोटो काढावा लागला. तो फोटो पाठवला आणि बाईंची ऑर्डर आली. नवी खोकी त्याच फोटोनं छापली. विक्री बेताचीच आहे, पण आहे.

माझ्यावरचा ठपका गेला, असं घरात सगळे म्हणतात. पण त्या हॉलमधल्या सगळ्यांना थोडाच फोन गेला! कितीतरी जण दुकानदारांबरोबर आलेले, नुसते बसलेले होते. त्यांच्या लेखी ती केबल माझीच. काकांना मी नवं खोकं घेऊन भेटायला जाणार होते. दोनदा साताऱ्याला गेले आणि दोन्ही वेळा त्यांच्या गल्लीवरून न जाता पोवई नाक्याकडून वळून आईकडे गेले. आई म्हणते, एवढा वळसा कशाला घालतेस? मी म्हणते, तिकडं गर्दी असते.