बाहेर नेलेली रक्कम शून्य

बोरीवलीच्या छोट्या फर्ममध्ये मी लोकांना पैसे कुठे गुंतवायचे याचा सल्ला द्यायचे. माझा पहिला क्लायंट माझा नवराच. तो गेला आणि ते ऑफिस मला खायला उठलं. म्हणून अंधेरीच्या एका मोठ्या कंपनीत अर्ज केला.

रेझ्युमे एका पानाचा. क्लायंट किती, माझ्या सल्ल्यानं गुंतवलेले कोटी किती, सल्लागाराच्या दोन्ही परीक्षांची सर्टिफिकेटं मुदतीत आहेत, नियामकाकडे एकही तक्रार नाही. शेवटी एक ओळ, कारण ही मंडळी ते विचारतातच: वर्षभरात सोडून गेलेले क्लायंट एक, बाहेर नेलेली रक्कम शून्य.

मुलाखत घेणारा माझ्याहून लहान. त्याचं पेन नेमकं त्या ओळीवर थांबलं.

"मॅडम, हे जमत नाही ना. क्लायंट जातो तो पैसे घेऊन जातो. हा काय रिकाम्या हातानं गेला?" तो हसला.

माझं डोकं सटकलं. माझ्या आकड्यावर आजवर कुणी बोट ठेवलं नव्हतं.

"हो, रिकाम्या हातानंच गेला," मी म्हटलं. "माझा नवरा होता. नॉमिनी मी. त्याच्या फंडांची सगळी युनिट्स माझ्या नावावर झाली, म्हणून रक्कम बाहेर गेली नाही. तपासून बघा."

त्यानं पेन खाली ठेवलं.

मी मात्र त्या ओळीकडे बघत राहिले. ती मीच टाइप केली होती, दोनदा तपासलीही होती. "सोडून गेलेले" हे शब्द मी तेव्हा पहिल्यांदा वाचले.