चार मुद्द्यांचं शिफारसपत्र

"डबेवाल्या ताईंची लेक हाय. काहीतरी मागायला आलीया, तोंड बघ की तिचं."

रांजणगावच्या त्या कारखान्याच्या गेटवर एक वॉचमन दुसऱ्याला हे सांगत होता. मी चार हात लांब उभी होते आणि रजिस्टरमध्ये नाव लिहीत होते. ऐकू आलंच नाही असं दाखवायची सवय मला शाळेपासून आहे.

मागायला आले होते हे मात्र खरं. आई पाच वर्षं शिरूरहून या कारखान्यात दुपारचं जेवण पाठवत होती, रोज साठ डबे. आता दौंडजवळच्या एका मोठ्या कंपनीला कॅन्टीनसाठी माणूस हवा होता. आईनं तिथं अर्ज केला होता. तिथल्या अ‍ॅडमिन मॅडमनी सांगितलं होतं की, सध्याच्या दोन ग्राहकांची पत्रं आणा, तुमच्या कामाबद्दल त्यांना काय वाटतं ते लिहिलेली. शुक्रवारपर्यंत. पत्रं नसतील तर अर्ज पुढं जाणार नाही.

आई म्हणाली होती, "तू इंग्लिश शाळेत शिकलीस, तूच लिही त्यांना. मला न्हाई जमायचं." घरातलं सगळं लिखापढीचं काम असं माझ्याकडं येतं. बोलायचं कामही त्यातच धरतात, हे कुणाच्या लक्षात येत नाही.

कारखान्याच्या एचआर साहेबांना मी आधी एक मेल पाठवला होता. आमच्या सेवेबद्दल आपला अभिप्राय द्यावा, एवढाच. आठ दिवस उत्तर नाही. मग इंटरनेटवर वाचलं, की कामात गढलेल्या माणसाला कोरा कागद दिला तर तो बाजूला ठेवतो. पत्र कशासाठी हवंय, कधीपर्यंत हवंय ते सांगावं, तीन-चार ओळी पुरेत म्हणावं, आणि काय लिहिता येईल याचे मुद्दे सुचवावेत. मुद्दे प्रश्नांच्या रूपात असावेत, असंही तिथं होतं. जेवण वेळेवर येतं का? आधीपेक्षा काय बदललं? एखादा प्रसंग आठवतो का?

मला ते प्रश्न उद्धट वाटले. एवढ्या मोठ्या माणसाला आपण परीक्षेसारखे प्रश्न कसे विचारायचे? म्हणून मी प्रश्न काढून टाकले आणि उत्तरंच लिहिली. एक, जेवण एकदाही उशिरा आलं नाही. दोन, स्वयंपाकघर अत्यंत स्वच्छ आहे. तीन, चव घरच्यासारखी आहे. चार, आम्ही यांची मनापासून शिफारस करतो. खाली एक ओळ, नको वाटेल ते वगळावं. हे सगळं इंग्रजीत. दुसऱ्या मेललाही उत्तर आलं नाही, तेव्हा आज स्वतः आले होते.

साहेब भले माणूस. मला बघून उठलेच. "अगं, मेल बघितला मी. छान मुद्दे काढलेस, काम सोपं केलंस माझं." मग जरा थांबले. "एकदाही उशीर नाही, असं लिहिलंयस. तो व्हॅन बंद पडलेला दिवस? अडीच वाजले होते, पोरं उपाशी."

"सॉरी सर," मी म्हणाले.

"जाऊ दे, एखादा दिवस व्हायचाच," ते म्हणाले, आणि माझेच चार मुद्दे लेटरहेडवर छापायला सांगून त्यांनी सही केली. शिक्काही मारला. निघताना म्हणाले, "आईंना सांग, बुधवारच्या पिठल्यासाठी आमचे सेकंड शिफ्टवाले लवकर येऊन बसतात. आम्हाला हाकलावं लागतं."

हे पत्रात लिहाल का, असं विचारायला हवं होतं. मी "थँक यू सर" म्हणाले आणि बाहेर आले.

दुसरं पत्र कवठे येमाईच्या आप्पांचं. त्यांची रोपवाटिका आहे आणि तिथल्या बायकांचं जेवण सीझनमध्ये आमच्याकडून जातं. त्यांना फोनवर मी विषय सांगितला. ते म्हणाले, "म्या काय लिहिणार बाई? तूच लिहून पाठव, म्या सही ठोकतो."

"आप्पा, तुमच्या मनातलं हवंय. मी फक्त मुद्दे पाठवते."

"पाठव की. पुतण्या टाईप करंल."

साहेबांना पाठवलेले मुद्देच मी त्यांना पाठवले आणि मराठीत लिहून देऊ का, असं विचारलं. "इंग्लिशच राहू दे. वजन पडतं," आप्पा म्हणाले. गुरुवारी संध्याकाळी पुतण्यानं पत्र घरी आणून दिलं. चार मुद्दे, तोच क्रम, तेच शब्द. माझी एक स्पेलिंगची चूकसुद्धा तशीच होती.

दोन्ही कागद शेजारी ठेवून मी बघत बसले. आप्पांना परत फोन करावा, त्यांना विचारावं, ते सांगतील ते लिहून घ्यावं. पण साहेबांकडून शिक्का मारलेलं पत्र पुन्हा कसं लिहून घ्यायचं? आणि सकाळी तर दौंडला जायचं होतं.

तेवढ्यात आई हात पुसत आली. "वाच की, काय लिहिलंय."

मी एक पत्र मराठीत वाचून दाखवलं. दुसरं वाचताना शब्द बदलले. तिला दोन वेगळी पत्रं वाटावीत म्हणून.

"घरच्यासारखी चव? साहेबांनी लिहिलं असं?"

"हो."

तिनं कागद हातात घेतला. तिला इंग्रजी येत नाही, तरी ओळींवरून बोट फिरवलं. "पाच वर्षांत तोंडानं कवा बोलले न्हाईत बघ," ती म्हणाली. मग तिनं दोन्ही कागद कपाटातल्या नव्या प्लास्टिकच्या फाइलमध्ये घातले.

सकाळी न्हावरा-चौफुला रस्त्यानं आम्ही व्हॅननं गेलो. आईनं लग्नाकार्याची साडी नेसली होती. गाडी मामा चालवत होता. तो म्हणाला, "ताई, मॅनेजर होनार का काय आता?" आई लाजली.

मॅडम माझ्याहून फार मोठ्या नसतील. त्यांनी फाइल घेतली, पहिलं पत्र वाचलं, दुसरं वाचलं. परत पहिलं काढलं. दोन्ही टेबलावर शेजारी ठेवली, जशी मी आदल्या संध्याकाळी ठेवली होती.

"मावशी," त्या आईला म्हणाल्या, आवाज मऊ होता, "ही पत्रं त्यांनीच लिहिली ना?"

"व्हय तर. त्यांच्या मनातलं हाय सगळं," आई म्हणाली. "हिनं मला वाचून दाखवलं. आप्पांचं तर लई छान हाय."

मॅडमनी माझ्याकडं बघितलं. त्या रागावल्या नव्हत्या, म्हणून जास्त अवघड झालं. आई अजून हसत होती, आणि मी बोलले तर ते हसू कुठं जाणार हे मला दिसत होतं. गप्प राहिले तर मॅडम पत्रं बाजूला ठेवणार, कारण न सांगता, आणि आई घरी जाऊन विचार करत बसणार, की आपल्या जेवणात काय कमी पडलं.

"मॅडम, हे शब्द माझे आहेत," मी म्हणाले. "त्यांना काय वाटतं ते मी विचारलंच नाही. तुम्ही त्यांना फोन करा, आणि व्हॅन बंद पडली होती त्या दिवसाचंही विचारा."